हळद, चुना, कुंकू आणि चुडा : चार रंगांचा सीमेवरचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मी रंगांचा विषय निवडला, तेव्हा काही स्नेह्यांना तो थोडा हलका वाटला. रंगांविषयी आपल्याकडे एक सोपी कोष्टकवजा समजूत आहे. तांबडा म्हणजे सौभाग्य, पांढरा म्हणजे पावित्र्य, पिवळा म्हणजे मांगल्य आणि हिरवा म्हणजे समृद्धी, असे आपण शाळेतल्या निबंधात लिहितो आणि विषय संपवतो. ही समजूत सगळीच खोटी नाही. परंतु दहा कोसांवर दुसऱ्या समाजाच्या लग्नात गेलो, की कोष्टक मोडते. एकीकडे नववधूला शोभणारा रंग दुसरीकडे विधवेच्या अंगावर दिसतो. एकीकडे आमंत्रणाचा असलेला रंग दुसरीकडे देवाच्या मूर्तीपुरता राखलेला असतो. म्हणून रंगाला अर्थ चिकटवण्याआधी तो रंग कोणत्या द्रव्यातून आला, कोणी कोणाला लावला आणि कोणी पुसला, हे पाहावे लागते. आजच्या व्याख्यानाचा एवढाच रोख आहे.

या चर्चेला लोधीखेड्यासारखी सोयीची जागा क्वचितच सापडेल. आपला सौंसर-पांढुर्णा हा टापू बोलीने मराठी आहे, पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी राज्य तेच राहिले. त्यामुळे आपल्या गल्लीत नागपूरकडची लग्नपद्धती, सातपुड्यापलीकडची हिंदी पद्धती आणि गोंडांची पद्धती एकमेकींच्या शेजारी नांदतात. रंग कसे बोलतात हे ऐकायचे, तर अशा उंबरठ्यावरच बसावे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीच्या जुन्या शिक्षकाला तेवढी सवलत असावी. ‘हळद’ हा शब्द संस्कृत ‘हरिद्रा’वरून आला आणि ‘हिरवा’ हा ‘हरित’वरून. दोन्हींच्या मुळाशी ‘हरि’ आहे आणि त्या शब्दात पिवळा, पिंगट आणि हिरवा या तिन्ही छटा सामावतात. म्हणजे आज आपल्याला अगदी वेगळे वाटणारे हे दोन रंग भाषेच्या जुन्या थरात एकाच घरातले आहेत. ‘कुंकू’ हा शब्द ‘कुंकुम’चा वंशज. कुंकुम म्हणजे मूळचे काश्मिरी केशर. ते सर्वांना परवडणारे नव्हते आणि दक्षिणेत पिकतही नव्हते. नाव केशराचे राहिले आणि वस्तू हळदीची झाली. ‘पांढरा’ हा ‘पांडुर’चा भाऊ, आणि आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, तर ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन. जिथे माणसे राहिली, राख-चुना-माती साठली, ती पांढरी. तेव्हा पांढऱ्याचा आपला सर्वांत जुना अर्थ शोकाचा नाही, वस्तीचा आहे.

आता पिवळ्याचे तांबडे कसे होते ते पाहू, कारण सगळ्या विधींचा कणा तिथे आहे. हळदीचे बोट लागलेले फडके साबणाने धुवायला घेतले की डाग लालभडक होतो आणि पाण्याने खळबळल्यावर पुन्हा पिवळा पडतो, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईने पाहिले आहे. हळदीतला रंगद्रव्याचा अंश क्षाराच्या संगतीत तांबडा होतो. चुना हा असाच क्षार. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा चुना कालवला की पाणी रक्तासारखे होते. कर्नाटकात आणि तमिळ प्रदेशात नवदांपत्य दाराशी आले की असे तांबडे पाणी तबकात घेऊन ओवाळतात आणि दृष्ट काढून ते दाराबाहेर ओततात. पिवळे आणि पांढरे मिळून तांबडे होते, ही त्या विधीमागची साधी आणि विलक्षण गोष्ट आहे. तीन वेगळ्या चिन्हांची बेरीज तिथे केलेली नसते. दोन पदार्थांच्या लग्नातून तिसरा रंग जन्मतो आणि तो डोळ्यांसमोर जन्मतो.

मात्र हा चुन्याचा तांबडा टिकत नाही. त्यात लिंबू पिळले तर तो क्षणात पिवळा होतो आणि तसाच ठेवला तर काही वेळाने तपकिरी पडतो. ओवाळून ओतून द्यायला असा रंग पुरतो, कपाळावर रोज लावायला पुरत नाही. म्हणून कुंकवाची कृती वेगळी झाली. जुन्या पद्धतीत चांगली हळकुंडे घेत आणि ती लिंबाच्या रसात टाकणखार, म्हणजे सवागी, आणि तुरटी घालून भिजवत. प्रचारातले एक माप असे की दहा भाग हळदीला एक भाग टाकणखार आणि तेवढीच तुरटी, आणि लिंबाचा रस हळद बुडून मुरेल इतका. हळद तो रस पिऊन काही दिवसांत आतपर्यंत लाल होते. मग ती सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर रंग उडतो. वाळल्यावर कुटून, वस्त्रगाळ करून त्यात तिळाच्या तेलाचा किंचित हात देत, म्हणजे पूड कपाळाला धरते. येथे रंग चुन्याने आलेला नसतो, टाकणखारातल्या द्रव्याने आंबट रसात हळदीशी बांधलेला असतो. त्यामुळे लिंबू लावले तरी हे कुंकू पिवळे पडत नाही; साबणाच्या पाण्यात मात्र ते काळपट होते. खऱ्या कुंकवाची ही घरगुती पारख आहे. पिठात किंवा खडूच्या भुकटीत कारखान्याचा रंग कालवून केलेले कुंकू पाण्यात टाकताच झगझगीत गुलाबी-लाल धार सोडते, आणि रोज लावणाऱ्या बाईच्या कपाळाला पुष्कळदा खाज सुटते, पुढे डाग पडतो. तो डाग सौभाग्याचा नाही, भेसळीचा आहे.

कुंकवाची ही कुळकथा समजली, की आपल्या सीमेवरचा पहिला भेद नीट उलगडतो. हिंदी पद्धतीच्या लग्नात वराने वधूच्या भांगात सिंदूर भरणे हा विवाहाचा कळसाचा क्षण मानतात. मराठी लग्नात ते स्थान मंगळसूत्राला आणि सप्तपदीला आहे. परंपरागत सिंदूर म्हणजे आपला शेंदूर. तो हळदीपासून होत नाही. शिसे भाजून केलेली ती नारिंगी-तांबडी भुकटी आहे आणि पोटात गेल्यास विषारी आहे. मराठी घरात शेंदूर मारुतीचा आणि गणपतीचा. बाईच्या कपाळाला तो लागत नाही. सौंसरजवळच्या जामसावळीला पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला दोन्ही भाषांची माणसे जातात. देवाच्या अंगावरच्या त्या शेंदराचा अर्थ दोघांना एकच कळतो. पण बाहेर आल्यावर एका घरची सून त्याच रंगाने भांग भरते आणि दुसऱ्या घरची सून कुंकवाची चिरी लावते. दोन्ही रंग तांबडेच. फरक देणाऱ्याचा आहे. सिंदूर पतीच्या हातून येतो. कुंकू बायका एकमेकींना लावतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू हा बायकांनी बायकांशी केलेला व्यवहार आहे, त्यात पुरुषाला काम नाही. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढे त्यातून एक कठीण प्रश्न निघणार आहे.

दुसरा भेद अक्षतांचा. अक्षत म्हणजे न मोडलेला दाणा. मराठी घरात ‘अक्षत देणे’ म्हणजे लग्नाचे आमंत्रण देणे. पहिली अक्षत कुलदेवतेला आणि ग्रामदेवतेला, मग सोयऱ्यांना. तांदूळ, आणि विदर्भात अनेक घरी ज्वारीसुद्धा, कुंकवाने तांबडी करतात. मध्य प्रदेशाच्या हिंदी भागात मात्र आमंत्रणाला ‘पीले चावल’ देतात, म्हणजे हळदीने माखलेले तांदूळ. आपल्या गावच्या एखाद्या उंबऱ्यावर एकाच लग्नसराईत दोन्ही येतात. पांढरा दाणा तोच. एका घराने त्याला हळदीवर थांबवले आणि दुसऱ्याने कुंकवापर्यंत नेले. तोच दाणा बिनरंगाचा राहिला तर त्याचे आमंत्रण होत नाही. पांढरे हे येथे अर्थाची भूमी आहे, अर्थ नव्हे. अंतरपाटही असाच. वधूवरांमध्ये धरलेले ते पांढरे कापड, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक. कापड पांढरे असल्याशिवाय स्वस्तिक उठून दिसत नाही.

आता हिरव्याकडे येऊ. नवरात्रात आपल्याकडे टोपलीत किंवा परातीत काळी माती घालून गहू पेरतात. हे जवारे. ते देवघराच्या अंधारात, झाकून वाढवतात. उन्हाचा कवडसा लागू देत नाहीत. त्यामुळे नवव्या दिवशी ते वीतभर वाढलेले, पण हिरवे न होता फिकट सोनेरी पिवळे झालेले असतात. मग डोक्यावर घेऊन, गात, नदीवर शिरवायला नेतात. श्रावणाच्या शेवटी राखीपौर्णिमेनंतर येणाऱ्या भुजलियांचेही तेच. हिंदी भाषकांमध्ये आणि गोंडांमध्ये या सणाला मोठा मान आहे. अंकुर पिवळा निघाला तर वर्ष चांगले जाईल, असा शकुन सांगतात. अंधारात अंकुराला हिरवेपण येत नाही, कारण हिरवे द्रव्य प्रकाशाशिवाय तयार होत नाही. तेच अंकुर दोन दिवस अंगणात ठेवले तर हिरवे होतील. ‘हरि’ या एका शब्दात पिवळा आणि हिरवा का सामावले, याचे प्रात्यक्षिक दरवर्षी प्रत्येक देवघरात होते. पिवळा ही हिरव्याची आदली अवस्था आहे: जमिनीतून नुकता वर आलेला, अजून जगाचे ऊन न पाहिलेला जीव.

लग्नातही हाच क्रम आहे. वधूला आधी हळद लागते, ती वराच्या घरून आलेली उष्टी हळद. महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून ती बोहल्यावर उभी राहते. हिरवा चुडा त्याआधी भरलेला असतो, पण त्याचे राज्य लग्नानंतर चालू होते. ओटीचा खण हिरवा, डोहाळजेवणाचे पातळ हिरवे, बाळंतिणीच्या हातात पुन्हा हिरवा चुडा. हळद उतरते, ती मुळातच कच्चा रंग आहे, उन्हाने आणि धुण्याने जाते, आणि तिने जावे असाच संकेत आहे. काचेचा हिरवा मात्र उडत नाही. तो फक्त फुटतो. आपल्या कासारांकडची बांगडी बहुधा उत्तरेतल्या फिरोजाबादच्या भट्टीतून येते, आणि तिचा हिरवा काचेत वितळलेल्या धातूचा असतो. एका रंगाचे विरणे आणि दुसऱ्याचे फुटणे, या दोन वेगळ्या शेवटांवर आपल्या समाजाने दोन वेगळे अर्थ बसवले.

इतर प्रदेशांत हीच द्रव्ये वेगळ्या क्रमाने मांडलेली दिसतात. गुजरातेत मामाच देतो, पण अष्टपुत्रीऐवजी पानेतर देतो. ते पांढऱ्या पोताचे आणि लाल काठाचे असते. बंगालमध्ये सधवेच्या हातात शंखाचे पांढरे शाँखा आणि पोवळ्याचा तांबडा पोला अशा दोन बांगड्या असतात. हिरव्याचे तिथे काम नाही. केरळात सोनेरी काठाचे कोरे पांढरे वस्त्र मंगलकार्याला नेसतात. पांढरा अशुभ, असे म्हणणाऱ्याने केरळचे लग्न पाहावे.

आणि तांबडा सदैव शुभ, असे म्हणणाऱ्याने आपला स्वतःचा इतिहास पाहावा. बंगालमध्ये विधवेला पांढरे वस्त्र असे. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेला आलवण नेसवीत, आणि आलवण तांबडे असे. जाड, बिनकाठाचे, मळखाऊ तांबडे. तिच्या कपाळाचे कुंकू पुसलेले आणि अंगभर त्याच जातीचा रंग गुंडाळलेला. एकाच वाड्यात एक तांबडा रंग माजघरात मिरवत होता आणि दुसरा तांबडा रंग मागच्या पडवीत तोंड लपवून होता. रंगाचा अर्थ रंगात असता, तर हे शक्यच झाले नसते. कुंकू ही लहानशी, काढता-लावता येणारी खूण होती. आलवण हा न उतरवता येणारा शिक्का होता. एक स्वतः लावायची वस्तू, दुसरी लादलेली.

रंग लादता येतो, तसा तो हिरावताही येतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गोव्याचे आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक मोठे फर्मान काढले आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी जुन्या लग्नचालींपैकी कोणत्या पाळू नयेत, याची तपशीलवार यादी दिली. वधूवरांच्या अंगाला हळदीचे मिश्रण लावणे त्यात होते. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहून ही मनाईची कहाणी अभ्यासकांपुढे मांडली. आता फर्मानाचा परिणाम पाहा. हळद गेली, तिच्या जागी नारळाचा रस राहिला आणि लग्नाच्या आदल्या दिवशीचा तो विधी ‘रोस’ या नावाने चालू आहे. चर्चमध्ये वधू पांढरा झगा घालते, पण त्यानंतर ती तांबडा ‘साडो’ नेसते. आणि ‘चुडो’ भरायला ती मामाच्या घरी जाते. त्यात हिरव्या काकणांना मान असतो. धर्म बदलला, भाषेत पोर्तुगीज शब्द आले, पिवळ्यावर बंदी आली, तरी मामा, चुडा आणि तांबडे वस्त्र ही चौकट हलली नाही. आपल्या अष्टपुत्रीच्या आणि गुजरातच्या पानेतरच्या शेजारी हा साडो ठेवून पाहिला, तर ही बहिणींची ओळ आहे हे कळते.

पण त्या चौकटीबरोबर तिची काळी बाजूही टिकली. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पती वारला की हा चुडा त्याच्या शवपेटीवर फोडण्याची चाल होती. म्हणजे देव बदलला, पुरोहित बदलला, तरी बांगडी फोडण्याचा हात बदलला नाही. मघाशी ज्या कठीण प्रश्नाचा मी उल्लेख केला, तो हा. कुंकू बायकांनी बायकांना लावायचे असेल, हिरवा चुडा माहेरच्या मामाने भरायचा असेल, तर पती गेल्यावर ते दोन्ही का काढून घ्यायचे? सिंदूर देणाऱ्याबरोबर जातो, असे हिंदी परंपरा म्हणेल. त्या म्हणण्यात निदान तिच्यापुरता तर्क आहे. आपले कुंकू तर पतीने दिलेलेच नव्हते. लहानपणी मुलीच्या कपाळावर ते आईने लावलेले असते. लग्नाच्या कितीतरी आधी तिच्या हातात काकणे असतात. परंपरेच्याच हिशेबाने पाहिले, तरी या दोन रंगांवर मरणाचा हक्क पोचत नाही.

हा केवळ विद्यापीठातला युक्तिवाद राहिलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चाली गावात बंद व्हाव्यात. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे, असे सुचवले. परिपत्रकाने चाली संपत नाहीत. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी जमलेल्या बायकांपैकी एक जण पुढे होते आणि सवयीने हात उचलते. तिला थांबवायला शासन हजर नसते. तरीही गावाने ठराव केला, की थांबवू पाहणाऱ्या सुनेच्या किंवा मुलीच्या मागे काहीतरी उभे राहते.

श्रोतेहो, ते परिपत्रक महाराष्ट्राच्या सीमेवर थांबते. १९५६ साली आखलेली ती रेघ आपल्या दक्षिणेला काही कोसांवर आहे. पलीकडच्या सावनेर-काटोलच्या घरी जे कुंकू, तेच लोधीखेड्याच्या घरी. चुडा तोच, अक्षत तीच, दहाव्याचा विधीही तोच. कागद मात्र इकडचा नाही. पण हेरवाडलाही शासनाचा कागद आधी नव्हता. तिथे आधी ग्रामसभा झाली आणि कागद नंतर आला. या सभागृहात आज ज्या माजी विद्यार्थिनी बसल्या आहेत, त्यांच्यापैकी काही सरपंच, पंच, शिक्षिका आहेत. त्यांना इतिहास काय सांगतो, एवढेच मी सांगू शकतो. पिवळे हे अंकुराचे, हिरवे हे वाढीचे, पांढरे हे वस्तीचे आणि तांबडे हे पिवळ्या-पांढऱ्याच्या मिलनाचे. या चारांपैकी एकही रंग मुळात विधवा किंवा सधवा नव्हता. ती विभागणी माणसांनी नंतर केली, वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळी केली, आणि आलवणासारखी तिच्यातली काही कलमे माणसांनीच रद्दही केली. उरलेली कलमेही त्याच मार्गाने जातील.